दिव्यावरची पाखरं उधईची की माकोड्यांची? फोटोत पंख, मिशा आणि कंबर कशी पाहायची

प्रश्न: भाऊ, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. परवा पहिला दमदार पाऊस झाला आणि दिवेलागणीला सपरीतल्या लाईटाभोवती पाखरंच पाखरं. सकाळी फरशीवर पंखांचा खच. काकाजी म्हणतात उधई आहे, घराला लागली. कृषी केंद्रवाले म्हणतात पंखवाले माकोडे आहेत, काही होत नाही. घर कवेलूचं, मयाली सागाच्या. चार फोटो पाठवतो. कंबर, पंख, मिशा पाहून फोटोवरून कसं ओळखायचं ते सांगा. आणि औषध मारायचं का?

उत्तर:

चारही फोटो मोठे करून पाहिले. तुमच्याकडे दोन्ही आलेले आहेत. भिंतीवरची, फरशीवरची आणि उंबरठ्यावरची सगळी उधईची; परातीच्या फोटोत मात्र उधईसोबत माकोड्यांचे चार-पाच पंखवाले नरही पडले आहेत. काकाजींच्या हाताला एक पाखरू लागलं असेल आणि कृषी केंद्रवाल्यांना दाखवलेलं दुसरं असेल. मोठ्या पावसानंतर जमीन ओली झाली, हवा दमट झाली की उधईच्याही आणि मुंग्यांच्याही वसाहतींतून पंखवाले नर-मादी बाहेर पडतात, आणि एकाच संध्याकाळी एकाच लाईटावर येऊ शकतात. त्यामुळे एक पाखरू पाहून अख्ख्या खचाचा निकाल लावू नका. फोटोत जेवढी वेगळी दिसणारी पाखरं असतील, तेवढी वेगवेगळी तपासा.

औषधाचं खाली सांगतो. लाईटावर आलेल्या पाखरांवर फवारा मारायचं काही कारण नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. उधई आणि मुंगी या एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. उधई झुरळांच्या कुळातली, तर मुंगी गांधीलमाशी आणि मधमाशीच्या कुळातली. दोघी वसाहत करून राहतात, पावसात दोघींची पंखवाली पिढी उडते, म्हणून आपली गल्लत होते. अंगाची घडण मात्र मुळातच वेगळी आहे. बारीक कंबर, मागचा पंख पुढच्यापेक्षा लहान असणं, मिशीला कोपर असणं, हा सगळा गांधीलमाशीकडचा वारसा आहे आणि तो मुंगीकडे आहे. उधईकडे यातलं काहीच नाही.

पुस्तकांत साधारण कंबर पहिली सांगतात. पाखरू हातात असेल तर ते बरोबरच आहे. पण फोटोत मी कंबर शेवटी पाहतो, कारण फोटोत तीच खूण सगळ्यात जास्त फसवते. बसलेल्या पाखराची कंबर पंखांखाली झाकलेली असते. पंख मात्र अस्पष्ट फोटोतही दिसतात, आणि पाखरू निघून गेलं तरी मागे उरतात. म्हणून आधी पंख, मग मिशा, मग कंबर. तुमचे फोटो त्याच क्रमाने घेतो.

फरशीवरच्या पंखांच्या फोटोपासून सुरुवात करू. त्यात पाखरू एकही नाही, पण माझा अर्धा निकाल त्याच फोटोने दिला. तुम्ही शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलंत हे फार चांगलं केलं. नाणं साधारण दोन सेंटीमीटरचं, आणि पंख त्याहून थोडे लांब. पण लांबीपेक्षा महत्त्वाचं हे, की त्या ढिगातले सुटे-सुटे पडलेले पंख सगळे एकाच मापाचे आहेत. उधईला चार पंख असतात आणि पुढची जोडी आणि मागची जोडी जवळपास सारख्याच लांबीची, सारख्याच आकाराची असते. मुंगीचे पंख गळून पडले असते तर ढिगात लांब आणि आखूड अशी दोन मापं दिसली असती, कारण तिचा मागचा पंख पुढच्यापेक्षा स्पष्ट लहान असतो.

आता त्याच फोटोत पंखाचं बूड पाहा, म्हणजे अंगाला चिकटलेलं टोक. उधईच्या पंखाला बुडाशी एक ठरलेली रेघ असते आणि पंख त्याच रेघेवर तुटतो. त्यामुळे गळलेल्या पंखाचं बूड सरळ, स्वच्छ कापल्यासारखं दिसतं. नाण्याच्या डावीकडचे दोन पंख मोठे करून पाहा, ही सरळ कड साफ दिसते. पंखाच्या पुढच्या काठाने दोन जाड, गडद शिरा एकमेकींना धरून टोकापर्यंत जातात आणि बाकीचा पंख बारीक, फिकट शिरांच्या जाळीने भरलेला असतो. रंग धुरकट तपकिरी. मुंगीच्या पंखावर शिरा थोड्या पण ठळक असतात, त्यांच्या मध्ये बंद चौकटी तयार होतात, आणि पुढच्या काठावर अर्ध्याच्या थोडं पुढे बहुतेक वेळा एक गडद ठिपका असतो. तुमच्या ढिगातल्या एकाही पंखावर मला असा ठिपका सापडला नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ढीग पडला हीच. उधईची पाखरं थोडा वेळ उडतात, खाली उतरतात आणि पंख झटकून टाकतात. नर आणि मादी दोघंही. मुंग्यांमध्ये पंख टाकते ती फक्त राणी, तेही जमिनीवर उतरून, जागोजागी. मुंग्यांचे नर पंखांसकटच मरतात. त्यामुळे सकाळी नुसते पंखच पंख पडलेले असले आणि अंगं दिसत नसली, तर ते उधईचं चित्र आहे. पंखांसकट मेलेली पाखरं ढिगाने पडली असतील तर मुंग्यांच्या नरांचा संशय आधी घ्यायचा. यात एक अपवाद आहे. लाईटाजवळच्या पाली आणि खालचे बेडूक अंग खाऊन पंख टाकून देतात. तसे पंख फाटलेले असतात, बुडाशी वेडेवाकडे तुटलेले असतात, आणि त्यांत दहा जातींची सरमिसळ असते. म्हणून सरळ कापलेलं बूड पाहिल्याशिवाय ढिगावरून निकाल देऊ नये.

आता भिंतीवरचा फोटो. पाखरू लाईटाच्या पट्टीखाली बसलेलं, वरून काढलेला. इथे कंबर दिसायचा प्रश्नच नाही, सगळं अंग पंखांनी झाकलंय. चार पंख असूनही दिसतो मात्र एकच, कारण उधई बसली की चारही पंख पाठीवर एकावर एक सपाट ठेवते, आणि सगळे एका मापाचे असल्याने बरोबर एकमेकांखाली लपतात. अशा फोटोत अंग कुठे संपतं ते शोधा. पंख थोडे पारदर्शक असतात, त्यामुळे पोटाचं टोक आतून गडद दिसतं. मोबाईलच्या पडद्यावर कागदाची कड लावून दोन मापं घ्या: डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत एक, आणि पोटाच्या टोकापासून पंखाच्या टोकापर्यंत दुसरं. उधईत हे दुसरं माप जवळजवळ पहिल्याएवढंच भरतं, म्हणजे अर्धं पाखरू नुसतं पंखच असतं. तुमच्या भिंतीवरच्या पाखराचं तसंच आहे. मुंगीत पंख पोटाच्या मागे सहसा थोडेच पुढे जातात.

'सहसा' म्हणायचं कारण आहे. मुंग्यांच्या कित्येक नरांचं पोट बारीक आणि आखूड असतं, त्यामुळे त्यांचेही पंख मागे बरेच लांब दिसतात. नुसतं 'पंख अंगापेक्षा लांब' एवढ्यावर थांबणारे इथेच फसतात. पंख अंगापेक्षा लांब आहेत का, यापेक्षा पुढचा आणि मागचा पंख सारखा आहे का, हा प्रश्न जास्त भरवशाचा. बसलेल्या पाखरात तो सुटत नसेल तर पंख पसरलेलं पाखरू शोधायचं, आणि ते तुमच्या परातीत आहे.

लाईटाखाली पाण्याची परात ठेवायची आपल्याकडची पद्धत फोटोसाठीही उपयोगाची आहे. पाण्यात पडलेली पाखरं पंख पसरून तरंगतात आणि त्यातली निम्मी उलटी पडतात, म्हणजे पोटाकडची बाजू आपसूक दिसते. एक अडचण आहे, ओला पंख पंखाला चिकटतो आणि मागचा पंख पुढच्याखाली दडतो. तेव्हा दोन पंख दिसले म्हणून 'दोनच पंख आहेत, ही माशी दिसते' असं म्हणू नका. एखादी काडी घेऊन पंख हलकेच सोडवा आणि मग फोटो काढा.

परातीच्या फोटोत उजव्या काठाला जे तपकिरी पाखरू उलटं पडलंय, त्याच्या मिशा पाहा. त्या डोक्यापासून निघून सरळ, फार तर हलक्या बाकाने पुढे जातात आणि सगळे सांधे लहान, गोलसर, जवळपास एकाच मापाचे आहेत. बारीक मण्यांची माळ ओवावी तशी ही मिशी असते. कुठेही एकदम मोडलेली नाही, आणि टोकाशी जाडही होत नाही. ही उधईची मिशी.

आता त्याच्या वरच्या बाजूला, परातीच्या कडीजवळ, काळं सडपातळ पाखरू आहे त्याच्याकडे या. डोकं अंगाच्या मानाने लहान. मिशीचा डोक्याला लागून असलेला पहिलाच सांधा चांगला लांब, त्यानंतर मिशी कोपरात वळते आणि पुढे बारीक सांधे सुरू होतात. डाव्या मिशीत हा कोपर स्पष्ट आहे. उजवी पाण्याला चिकटली आहे, तिच्यावर विसंबू नका. पंख पसरलेले आहेत आणि मागचा पंख पुढच्यापेक्षा बराच आखूड आहे. पुढच्या पंखाच्या काठावर गडद ठिपकाही आहे. हा मुंगीचा नर. मोठ्या काळ्या माकोड्यांपैकीच वाटतो, पण नेमकी जात या फोटोवरून कोणी सांगू नये.

मिशांच्या बाबतीत एक नियम मी पक्का पाळतो. कोपर दिसला तर ती मुंगीच, त्यात शंका नाही. पण कोपर दिसला नाही म्हणून ती उधई ठरत नाही. याचं कारण असं की राणीत आणि कामकरी मुंगीत पहिला सांधा लांब असतो, पण मुंग्यांच्या बऱ्याच जातींच्या नरांमध्ये तो आखूडच असतो. मग त्यांची मिशी एका सरळ धाग्यासारखी दिसते आणि लाईटावर येतात ते बहुतेक नरच. सरळ मिशी दिसली की पुढे जाऊन मणी दिसतात का ते पाहायचं. मणी मोजता येण्याइतका फोटो स्पष्ट नसेल तर मिशीचा पुरावा बाजूला ठेवायचा आणि पंखांवर निकाल द्यायचा. दुसरं म्हणजे मेलेल्या, वाळलेल्या पाखराच्या मिशा मोडतात. अर्धी मोडलेली मिशी कोपरासारखी दिसू शकते. दोन्ही मिशा एकाच जागी वळलेल्या असतील तरच त्याला कोपर म्हणा.

आता कंबर. परातीतली ती उलटी उधई बघितली तर छाती आणि पोट एकाच रुंदीने एकमेकांना जोडलेले दिसतात, मध्ये कुठेही चिमटा नाही. काळ्या माकोड्यात छाती संपल्यावर एक अगदी बारीक जोड आहे आणि त्या जोडावर एक उभी गाठ आहे. काही मुंग्यांना अशी एक गाठ असते, काहींना दोन. वरून काढलेल्या फोटोत गाठ कळत नाही, बाजूने काढलेल्या फोटोत ती साफ उठून दिसते. म्हणून कंबरेसाठी बाजूचाच फोटो लागतो.

लोकांची सगळ्यात जास्त चूक होते ती कंबर कुठे शोधायची यात. पाखरू वरून पाहिलं की डोकं आणि छातीच्या मध्ये मान आवळलेली दिसते आणि लोक म्हणतात, ही बघा बारीक कंबर, म्हणजे मुंगी. उधईलाही डोक्यामागे हा आवळलेपणा असतो. तो कंबर नव्हे. सोपा उपाय असा की पाय मोजा. पायांच्या तीन जोड्या, आणि तीनही छातीला लागलेल्या. कंबर असेल तर ती शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या जोडीच्या मागे असते. तिसऱ्या पायाच्या मागे बोट ठेवा आणि तिथे अंग बारीक होतं का ते पाहा. त्याच्या पुढचं काहीही कंबर नाही. आणि दोन दिवस उन्हात वाळलेल्या पाखरावर कंबर तपासूच नका. उधईचं पोट वाळून आकसतं आणि छातीला लागून खोटी खाच तयार होते.

एका पाखराबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे ते लाईटावर येतं आणि पाहणारा हमखास बुचकळ्यात पडतो. तपकिरी, केसाळ, चांगलं जवळजवळ इंचभर लांब, आणि पोट जाड, लांबट नळीसारखं. हा जमिनीखाली राहणाऱ्या डोरिलस नावाच्या मुंगीचा नर. याची कंबर इतकी रुंद की फोटोत ती नाहीच असं वाटतं, आणि कंबरेवरूनच ओळखणारा त्याला 'मोठी उधई' म्हणून मोकळा होतो. पंख पाहिले तर लगेच सुटतं: मागचा पंख पुढच्यापेक्षा स्पष्ट लहान. कंबरेची खूण मुंगीच्या बाजूने पक्की आहे, म्हणजे बारीक कंबर दिसली की मुंगी. पण 'कंबर दिसत नाही' याला मी उधईचा पुरावा मानत नाही. कोणतंही पाखरू उधईचं म्हणायचं तर मला सारखे पंख हवेत आणि त्यासोबत मण्यांच्या मिशा किंवा सरळ कापलेलं बूड, यातलं एक तरी हवं. दोन खुणा जुळल्या नाहीत तर दुसरा फोटो मागतो.

शेपटीला केसासारखे दोन-तीन लांब धागे असलेलं, पंख उभे धरून बसणारं नाजूक पाखरू दिसलं तर ते या दोन्हींतलं नाही. ते नदी-तळ्याच्या पाण्यातून येतं, त्याने घराला काही होत नाही.

राहिला उंबरठ्यावरचा फोटो, बिनपंखांची दोन पाखरं एकामागे एक चालताना. तुम्ही विचारलं नाही, पण चारही फोटोंत मला हाच सगळ्यात पक्का वाटला. उधईची मादी पंख टाकून पुढे चालू लागते आणि नर तिच्या अगदी पाठोपाठ, तिला जवळपास चिकटून चालतो. जागा शोधायला जोडी अशीच निघते. मुंग्यांमध्ये राणी एकटीच जाते. फोटो मोठा केला तर पुढच्या पाखराच्या पाठीवर पंखांच्या जागी बारीक त्रिकोणी खवले दिसतात. पंख रेघेवर तुटल्यावर अंगाला राहिलेली ती बुडं आहेत. पंख टाकलेल्या मुंगीच्या राणीला असे खवले नसतात, तिची छाती फुगीर असते आणि तिसऱ्या पायामागे बारीक कंबर दिसते. पंख नसलेलं पाखरू असलं तरी ओळख पंखांवरूनच होते, ती अशी.

पुढच्या वेळी फोटो काढताना एवढं करा. रात्री लाईटाखाली काढलेल्या फोटोत पाखरू हलतं आणि पंख चमकतात, म्हणून चार-पाच पाखरं डबीत झाकून ठेवा. सकाळी डबी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की ती सुस्त होतात. मग कॅलेंडरच्या पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर, सावलीत पण उजेडात, शेजारी शाळेची मोजपट्टी ठेवून तीन फोटो: वरून, बाजूने आणि उलटं करून. फ्लॅश बंद. मोबाईल अगदी जवळ नेला की फोटो पुसट येतो, तेव्हा थोडं लांबूनच धरा आणि झूम करा. एका पाखराचा एका बाजूचा पुढचा आणि मागचा पंख काढून पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. हा एकच फोटो नीट आला तर बाकीचे नसले तरी चालतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि मिशांचे मणी नेमके त्यातच जातात.

आता घराचं. पाखरं उधईची आहेत, पण त्यावरून घराला उधई लागली हे ठरत नाही. ही पाखरं वावराच्या धुऱ्यावरच्या वारुळांतून, झाडांच्या बुडांतून, पडीक जमिनीतून उडतात आणि उजेडाला येतात. पंख सपरीत, लाईटाखाली, उघड्या जागी पडले आहेत. ती बाहेरून आली असं मानायला तेवढं पुरेसं आहे. पंखवाली पाखरं स्वतः लाकूड खात नाहीत. लाकूड खातात ते वसाहतीतले पांढुरके, बिनपंखांचे कामकरी. लाईटावर आलेल्यांपैकी बहुतेक पाली, कोंबड्या आणि पक्षी खातात किंवा सकाळपर्यंत मरतात. फवाऱ्याने मरायची तीच मरतील, जमिनीखालच्या वसाहतीला त्याचा धक्का लागत नाही, आणि सपरीत मुलं-कोंबड्या फिरतात त्या फरशीवर औषध सांडतं. अशा संध्याकाळी तासभर लाईट बंद ठेवा, एवढाच इलाज.

काळजी करायची ती वेगळ्या ठिकाणी पंख सापडले तर. रात्रभर बंद असलेल्या, अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या आतल्या बाजूला पंख पडलेले असतील, किंवा भिंत आणि जमीन मिळते त्या फटीतून पाखरं बाहेर येताना कोणी पाहिली असतील, तर वसाहत घराखाली किंवा घरात आहे. आणि ती नवी नाही हेही त्यावरून कळतं, कारण पंखवाली पाखरं सोडण्याइतकी वसाहत मोठी व्हायला काही वर्षं जातात. तशी वेळ आली तर दुकानातून बाटली आणून वरवर शिंपडू नका. जमिनीत आणि भिंतीच्या बुडाशी औषध उतरवावं लागतं, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यायचं असतं.

सागाच्या मयालीबद्दल लोक निर्धास्त असतात. सागाचा आतला गाभा उधईला बराच दाद देत नाही, पण बाहेरचं पांढुरकं लाकूड ती खाते, आणि जुन्या घरांत सगळ्याच मयाली गाभ्याच्या नसतात. मयालीचं जे टोक मातीच्या भिंतीत शिरतं, तिथे पेचकस टोचून पाहा. आत सहज घुसला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ते टोक तपासून घ्यायला हवं. भिंतीला लागून तुऱ्हाट्या किंवा पऱ्हाटी रचलेली असेल तर ती आधी हलवा. वाळकी लाकडं उधईला खाद्य देतात, आणि त्यामागची भिंत तुम्हाला दिसत नाही.

हे सगळं सांगतोय त्याला एक कारण आहे. भिंतीवरच्या तुमच्या फोटोत, पाखराच्या बरंच वर उजव्या कोपऱ्यात, मयालीच्या टोकाखाली मातीची एक रेघ दिसते. ती फोकसच्या बाहेर आहे. ती कुंभारीण माशीचं जुनं घर असू शकतं किंवा उधईची मातीची नळी असू शकते. कुंभारणीचं घर जाड, आखूड आणि एका जागी असतं. उधईची नळी पेन्सिलीएवढी जाड आणि जमिनीकडून लाकडाकडे सलग जाणारी. शिडी लावून ती रेघ मधे दोन बोटं रुंद खरवडून काढा. आत पांढुरके किडे पळताना दिसले तर ती उधईचीच नळी. दिसले नाहीत तर दोन दिवसांनी परत बघा, खरवडलेली जागा ओल्या मातीने पुन्हा भरलेली आहे का. तो फोटो दिवसाउजेडी, मोजपट्टी धरून काढा आणि मला पाठवा. औषधाचं त्यावरून ठरवू.